तक्त्याबाहेरचा ‘हं’

ती पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हा ‘ये’ म्हणताना माझा आवाजच फुटला नाही. घसा खाकरून दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. मग लक्षात आलं की आदल्या दिवशी दुपारी दूधवाल्याला ‘उद्या अर्धाच’ म्हटलं होतं, त्यानंतर मी तोंडातून शब्द काढलेला नव्हता. एकतीस वर्षं लोणावळ्याच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवलं, त्यातली निम्मी वर्षं ध्वनिशास्त्र. आणि आता माझ्याच घशाला गंज चढलेला. मला माझाच राग आला आणि तो मी तिच्यावर काढला. म्हटलं, “चपला बाहेर काढ, आणि पंधरा मिनिटं उशीर झालाय.”

मुलगी भाजे गावची. मळवलीला लोकलमध्ये बसून तळेगावला उतरायची आणि स्टेशनपासून माझ्या सोसायटीपर्यंत चालत यायची. कॉलेजातून फोन आला होता, की एका मुलीचा सेमिनार राहिलाय, पहिल्या वेळी ती उभी राहिली आणि काही बोललीच नाही. तासिकेवर घेतलेले सर मध्येच नोकरी सोडून गेलेत, त्यांच्या स्लाइड तेवढ्या आहेत. तुम्ही महिनाभर बघाल का? मी ‘बघते’ म्हटलं. जरा जास्तच घाईने म्हटलं.

तिच्यापुढे काय वाढून ठेवलं होतं ते तिने पहिल्याच दिवशी सरळ सांगून टाकलं. दहा स्लाइड, पंधरा मिनिटं, समोर दोन परीक्षक आणि सगळा वर्ग. स्वर आणि व्यंजनं यांचं वर्गीकरण समजावून सांगायचं, आणि प्रत्येक प्रकाराला आपल्या मातृभाषेतलं उदाहरण द्यायचं. या वेळीही राहिली तर वर्ष जाणार आणि बी.एड.चा प्रवेशही हुकणार. तिच्या आईने एका रिसॉर्टमध्ये चादरी बदलायच्या कामाचं बोलूनही ठेवलं होतं. “मला शिक्षिका व्हायचंय मॅडम,” असं म्हणून तिने मोबाइल माझ्या हातात दिला.

स्लाइड बऱ्या होत्या, पण कोरड्या. पहिल्या तक्त्यात वरच्या ओळीत उच्चारस्थानं, डाव्या बाजूला उच्चाराची पद्धत आणि चौकटी-चौकटींत एकेक चिन्ह. तिने सगळं पाठ केलं होतं. ‘व्हॉइस्ड बायलेबियल प्लोझिव’ हे ती रेल्वेच्या घोषणेसारखं एका दमात म्हणायची. मी विचारलं, “म्हणजे काय?” ती स्लाइडकडे बघायला लागली. “तिकडे नको बघूस. ते तुझ्या तोंडात आहे.”

मी आतून आरसा आणला. यजमानांचा दाढीचा, स्टँडवाला. ते गेल्यापासून तो कपाटात पालथा पडलेला होता. जेवणाच्या टेबलावर तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, “म्हण, बाबा.” ती म्हणाली. “ओठांचं काय झालं?” “मिटले.” “म्हणजे बायलेबियल, दोन्ही ओठांनी. हवेचं काय झालं?” तिने पुन्हा म्हणून पाहिलं. “अडली, आन् मग एकदम सुटली.” “म्हणजे प्लोझिव, स्फोटक. आता कानावर तळहात घट्ट दाब आणि ‘सससस’ म्हण. मग भुंग्यासारखं ‘झझझझ’ म्हण.” दुसऱ्या वेळी तिचे डोळे मोठे झाले. डोक्यात गुणगुण ऐकू आली होती तिला. “ती गुणगुण म्हणजे व्हॉइस. घशातले पडदे थरथरतात. ‘प’ म्हणताना ते थरथरत नाहीत, ‘ब’ म्हणताना थरथरतात. ओठ दोन्हीकडे तेच.”

दहा मिनिटांत तिने स्वतःच शोध लावला, की आपल्याकडे पहिलीत पाठ करून घेतात ते ‘क ख ग घ ङ’ हेसुद्धा असा तक्ताच आहे. क घशाच्या बाजूचा, मग टाळू, मग ट-ठ-ड जीभ मागे वळवून, मग त-थ-द दातांवर, आणि शेवटी प-फ-ब ओठांवर. आतून बाहेर येत येत. आणि प्रत्येक ओळीत पहिले दोन बिनगुणगुणीचे, पुढचे दोन गुणगुणीचे, शेवटचा नाकातला. “मॅडम, हे मला कुणी सांगितलंच नाही.” “सांगत नाहीत. पाठ करून घेतात,” मी म्हटलं. मीही वर्षानुवर्षं तेच केलं होतं, पण ते काही मी तिला सांगितलं नाही.

ती मंगळवारी आणि गुरुवारी यायची. मी बुधवारी तिची वाट बघायला लागले, हे कबूल करायला आज लाज वाटत नाही. ती यायच्या आधी मी खिडकीतून सोसायटीच्या गेटकडे दोनदा बघायचे. तिच्यासाठी चिवडा आणून ठेवायचे आणि ‘असाच पडला होता, संपव’ म्हणायचे.

ताट आणि थाट म्हणताना ओठांसमोर कागदाची पट्टी धरली. ‘ताट’ला ती जेमतेम हलली, ‘थाट’ला फडफडली. ते झालं महाप्राण. इंग्रजीतल्या t साठी जीभ दातांच्या मागच्या हिरडीवर टेकवायला लावली, आपला त आणि आपला ट यांच्या मधल्या जागी. मग मीच तिला अडवलं, “चाक आणि चार, दोन्हीकडे एकच च आहे का?” तिने दहा वेळा म्हणून पाहिलं. ‘चाक’ला जीभ दातांकडे, ‘चार’ला मागे टाळूकडे. “लिहायला एक आन् बोलायला दोन!” ती हसली. तिच्या हसण्याने माझी बैठकीची खोली मला जरा मोठी वाटली.

स्वरांची स्लाइड म्हणजे एक तिरकी चौकट. तिला ती धान्य पाखडायच्या सुपासारखी दिसली. मी म्हटलं, सूप तर सूप. डावीकडे ओठ, उजवीकडे घसा. ‘ई’ म्हण, जीभ पुढे आणि वर, ओठ ताणलेले. ‘ऊ’ म्हण, जीभ मागे आणि वर, ओठ गोल. ‘आ’ म्हण, जीभ खाली पडली. म्हणून तर डॉक्टर घसा बघायला ‘आ कर’ म्हणतात, ‘ई कर’ म्हणत नाहीत. आणि स्वर कशाला म्हणायचं? हवा कुठेच अडत नाही त्याला. ती म्हणाली, “म्हणून आई भाताच्या खाचरातनं हाक मारताना शेवटचा स्वर लांबवती. व्यंजन लांबवून हाक जायची नाही.” हे उदाहरण कुठल्या पुस्तकात नव्हतं. मी ते वहीत लिहून घ्यायला लावलं.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. बिघडवलं ते मी.

सातव्या स्लाइडवर ‘ह’ होता. ‘व्हॉइसलेस ग्लॉटल फ्रिकेटिव’, म्हणजे घशातून घासून येणारा. मी तिला सांगितलं की इंग्रजीतला h बिनगुणगुणीचा, पण आपल्या ‘ह’ला गुणगुण असते, घशावर हात ठेवून बघ. “आता मराठी उदाहरण दे. शब्दाच्या मध्ये ह असलेलं.” तिने विचार केला आणि म्हणाली, “न्हाई.” लगेच पुढे म्हणाली, “आन् मॅडम, आमी तर ‘आमी’च म्हणतो. त्यात ह न्हाईच.”

मी काय म्हणाले ते मला अक्षरन् अक्षर आठवतं. “असं परीक्षकांसमोर बोलू नकोस. ‘नाही’ म्हण. ‘आम्ही’ म्हण. शिक्षिका व्हायचंय ना? शुद्ध बोलायची सवय लाव.” आणि तिच्या वहीतल्या सगळ्या उदाहरणांवरून पेन फिरवला. खाचरातल्या हाकेवरूनसुद्धा. त्याजागी स्वच्छ पुणेरी शब्द लिहून दिले.

तिने वही बंद केली. चिवडा तसाच ठेवून, आरसा नीट सरळ करून गेली.

गुरुवारी आली नाही. मी चहा दोनदा गरम केला आणि शेवटी ओतून दिला. फोन लावला तर उचलला नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. सेमिनार त्याच्या पुढच्या सोमवारी होता. आधी मला राग आला, आजकालच्या मुलांना जरा काही बोलायची सोय नाही वगैरे. दोन दिवस तो राग पुरला. त्यानंतर घरात पुन्हा ती शांतता, आणि टेबलावर तो आरसा. त्यात बघून मी ‘न्हाई’ म्हणायचा प्रयत्न केला. नाटकातल्या नटीने खेडवळ बोलावं तसं खोटं आलं ते.

आता हे सांगितलंच पाहिजे, की मी काही पुण्याची नाही. माझं माहेर याच मावळातलं, कामशेतच्या आतल्या बाजूचं. आमच्या वस्तीतून कॉलेजला गेलेली मी पहिली मुलगी. तिथे पहिल्या वर्षी एका बाईंनी वर्गात माझं वाक्य माझ्यासारखंच म्हणून दाखवलं होतं आणि सगळे हसले होते. त्या रात्रीपासून मी माझी भाषा घासायला घेतली. ‘न्हाई’, ‘व्हय’, ‘कुटं’, ‘लय’, एकेक घासून काढलं. इतकं की पुढे कुणाला शंकाही आली नाही. मला त्याचा अभिमान होता. फार अभिमान होता.

शनिवारी मी लोकलने मळवलीला उतरले आणि भाज्याच्या रस्त्याने चालत निघाले. सुट्टीची गर्दी लेण्यांकडे चालली होती. पायऱ्यांच्या अलीकडे एका निळ्या ताडपत्रीखाली तिची आई ताक आणि काकड्या विकायची, हे तिने मला कधीतरी सांगितलं होतं. तिथे एक म्हातारी बसली होती, तोंडात मिश्री, हनुवटी वर. मी मुलीचं विचारलं. तिने तोंडातलं न सांडता उत्तर दिलं. ओठ जेमतेम हलले, जीभ हललीच नाही, व्यंजनं बहुतेक सगळी गळाली, नुसते स्वर आले आणि त्यांचा चढउतार. तरी मला कळलं. ‘मागे आहे, बसा, बोलावते.’ पन्नास वर्षांपूर्वी आमच्या अंगणात सगळ्या बायका अशाच बोलायच्या आणि कुणाचं काही अडायचं नाही.

मुलगी मागून काकड्या धुऊन आली. मला बघून घमेलं तिथेच ठेवलं. तिच्या मागोमाग आलेली तिची आई म्हणाली, “आवं मॅडम, हितं बसा सावलीला. ती आता येत न्हाई म्हनती. रिसॉर्टात एक तारखेपास्नं जायचं म्हनती. मी म्हनलं, बाईंनी येवडं शिकवलं, जाऊन सांग तरी. तर तोंडच उघडत न्हाई.”

“का आली नाहीस?” मी विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, “मॅडम, पहिल्या वेळी मी गप्प उभी राहिले नव्हते. एक उदाहरण दिलं होतं. ‘आमी’ असं. मागचे हसले. मग मी गप्प झाले. तुमच्याकडे मला वाटलं...” वाक्य पुरं करायची गरज नव्हती.

मी त्या बाकड्यावर बसले. आयुष्यात मी विद्यार्थ्यांची माफी फारशी मागितलेली नाही. ती चांगली सवय नव्हती. “मी चुकले,” मी म्हटलं. “नुसतं वागण्यात नाही, विषयातच चुकले. ध्वनिशास्त्रात माणूस काय बोलतो ते लिहायचं असतं, काय बोलायला हवं ते नाही. हे मी पहिल्या तासाला शिकवायचे. आणि तुझी मातृभाषा खोडून तिथे माझी उसनी भाषा लिहिली.”

मग मी नाकासमोर तळहात धरला. “म्हण. आधी नुसतं ‘ना’. मग ‘न्हाई’तला ‘न्हा’.” तिने म्हटलं. पुन्हा म्हटलं. तिच्या आईनेही हात धरून म्हटलं. “दुसऱ्याला जास्त वारा येतोय,” आई म्हणाली.

“येतोच. ‘नाही’त ह मध्ये असतो. तुमच्याकडे तो गेला नाही, पुढे सरकून न ला चिकटलाय. ‘होय’चं ‘व्हय’ झालं, तिथेही तेच, ह व ला चिकटला. आणि ‘आम्ही’त मात्र तो खरंच गळाला. एकाच बोलीत एका ठिकाणी ह गळतो आणि दुसऱ्या ठिकाणी सरकतो. हे परीक्षकांना सांग. हसले तर त्यांना नाकासमोर हात धरायला सांग.”

“तुमी म्हणून दाखवा,” मुलगी म्हणाली. पहिल्यांदाच ‘तुमी’ म्हणाली मला.

मी म्हटलं. खोटं आलं. ती हसली, तिची आई हसली, मिश्रीवाल्या म्हातारीने बाजूला थुंकून घेतलं आणि तीही हसली. “आसं न्हाई मॅडम,” मुलीने मला शिकवायला घेतलं, “जोर देऊ नका. थकल्यावानी म्हणा.” पाचव्या-सहाव्या वेळी ते आलं. माझ्या तोंडून माझ्या आयेचा आवाज आला, आणि मला समोरची काकडी दिसेनाशी झाली.

मग मी त्यांना सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आम्ही तळेगावला फ्लॅट घेतला तेव्हा कॉलेजातली माणसं चहाला बोलावली होती. आये गावाहून आली, नवं लुगडं नेसून. दारातच कुणाला तरी म्हणाली, “लय ग्वाड घर झालंया, न्हाई का?” मी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि म्हटलं, “आई, माणसं आलीयत. जरा कमी बोल.” जन्मभर मी तिला ‘आये’ म्हणत होते, त्या दिवशी ‘आई’ म्हटलं. ती ‘हं’ म्हणाली. ओठ मिटलेले, आवाज नाकातून. मग दिवसभर सोफ्याच्या कोपऱ्यात बसून, कुणी काही विचारलं की तेवढंच, हं. त्यानंतर फोनवरसुद्धा. मी बोलायचे, पलीकडून हं, हं. ती जाईपर्यंत असंच चाललं. मला वाटायचं रुसलीय, जाईल राग. तो हं कुठल्या तक्त्यात बसत नाही. ना धड स्वर, ना धड व्यंजन.

मुलीच्या आईने माझ्यापुढे ताकाचा ग्लास सरकवला.

त्या दुपारी ताडपत्रीखाली आम्ही दहाच्या दहा स्लाइड पुन्हा केल्या. आरसा नव्हता, मोबाइलचा कॅमेरा उलटा करून त्यात ओठ बघितले. खाचरातली हाक परत आली. मिश्रीवाल्या म्हातारीचा नमुनाही तिने घेतला, व्यंजन म्हणजे अडवणूक, आणि अडवायला जीभ-ओठच मोकळे नसले तर काय उरतं, हे दाखवायला. मधूनमधून ती उठून गिऱ्हाइकाला काकडीवर मीठ-तिखट लावून द्यायची आणि परत येऊन ‘ग्लॉटल’ म्हणायची. उन्हं उतरल्यावर मी स्टेशनकडे निघाले. रविवारी तिने एकटीने तयारी केली.

सोमवारी मी घरीच होते. मला बोलावलं नव्हतं, आणि बोलवायचं कारणही नव्हतं. अकरापासून फोन टेबलावर आरशाशेजारी ठेवला होता. चार वाजता वाजला.

“मॅडम, झालं! पास!” आणि मग ती बोलतच सुटली. ‘आमी’ म्हणताच मागे कसं कुणीतरी खुसखुसलं, आणि तिने त्याच मुलाला उठवून नाकासमोर हात कसा धरायला लावला. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी स्वतःसुद्धा हात धरून ‘न्हाई’ म्हणून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे, तर तिने सांगितलं, आमच्या आईच्या तोंडात आहे. आईने रिसॉर्टला ‘येत नाही’ असं कळवलंही. बी.एड.चा फॉर्म उद्याच भरणार. आता ती मैत्रिणींबरोबर वडापाव खायला चालली होती, मागे मुलींचा कालवा ऐकू येत होता.

मी म्हणत होते, “हं... हं.”

मला खूप बोलायचं होतं. मंगळवारी येशील का, विचारायचं होतं. कारण काही नसलं तरी ये, चिवडा आणलाय. पण मी मध्ये बोलले तर ती थांबेल आणि फोन ठेवेल, अशी भीती वाटत होती. म्हणून मी घशावर हात ठेवून, ओठ मिटून नुसतं ‘हं’ म्हणत राहिले, तिने आणखी थोडं बोलावं म्हणून.

“बरं मॅडम, ठेवते,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी आरशासमोर बसून होते. घशावर हात तसाच होता, गुणगुण थांबलेली. आयेचा तो हं मी वीस वर्षं रुसवा समजले होते. कदाचित तो रुसवाच असेल. किंवा मी आणखी थोडं बोलावं, म्हणून असेल. विचारायला ती नाही. मी मोठ्याने म्हटलं, “आये, बोल की गं.” या वेळी ते खोटं आलं नाही.